एकोणीस ऑर्डरी, पाच सौदे

मी गेली एकवीस वर्षं वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. नाण्याचा सलग दहा वेळा छापा पडला तरी अकराव्यांदा ते आपल्या मनासारखं पडायला बांधलेलं नसतं, हे मी दर जुलैमध्ये नव्या पोरांना सांगतो आणि परीक्षेत त्यावर आठ मार्कांचा प्रश्नही काढतो. हे मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं ते ऐकून कुणीतरी म्हणेलच, ‘देवधर, तुम्ही तर हाच विषय शिकवता ना हो?’ होय, हाच शिकवतो. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. माझ्या गाई एका पोरानं राखल्या.

ते पोरगं म्हणजे अभिनव ढोबळे. वर्ध्याजवळच्या पुलगावचा, तिसऱ्या वर्षाला. कॉलेजात पोरांचा एक इन्व्हेस्टमेंट क्लब आहे आणि त्याचा प्रभारी प्राध्यापक मी. प्रभारी म्हणजे हॉलच्या किल्लीसाठी सही करणारा. इतर पोरं तिथं येऊन कुठला शेअर वर जाणार यावर कँटीनछाप भांडणं करत. अभिनव एका कोपऱ्यात लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहीत बसे. ऑगस्टमध्ये त्यानं मला एक आलेख दाखवला. शेअरबाजारातल्या लहान कंपन्यांचे आठ वर्षांचे रोजचे भाव घेऊन त्यानं एक नियम त्यांच्यावर मागे लावून पाहिला होता. नियम साधा होता. या लहान कंपन्यांच्या शेअरला एका दिवसात पाच टक्क्यांच्या वर चढू देत नाहीत. तिथं भाव अडकतो, त्याला अप्पर सर्किट म्हणतात. ज्या दिवशी शेअर असा अडकून बंद होईल आणि उलाढालही नेहमीपेक्षा बरीच जास्त असेल, त्या दिवशी बंद भावाला घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी विकायचा. आठ वर्षांपूर्वीचा एक लाख आज एक्केचाळीस लाख झाला असता.

मी तो आलेख घरी नेला. चहा पिताना पाहिला, जेवताना पाहिला. रेघ अशी सरळ चढत गेली होती की कुठं दम खायलाही थांबली नव्हती. संख्याशास्त्राच्या माणसाला अशी रेघ दिसली की त्यानं आधी संशय घ्यायचा असतो. मला अभिमान वाटला. माझा विद्यार्थी! त्याहून खरं सांगायचं तर मला सूड घेतल्यासारखं वाटलं. सत्त्याण्णव साली माझ्याबरोबरचे सगळे सॉफ्टवेअरमध्ये गेले, मी ‘मला शिकवायचंय’ म्हणून मागे राहिलो. आज मी शिकवलेली पोरं पहिल्याच वर्षी माझ्याएवढा पगार घेतात आणि भेटली की प्रेमानं विचारतात, ‘सर, अजून तिथंच का?’ अजून तिथंच. विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, तीच स्कूटर, तीच लिफ्ट, तीही बुधवारी बंद.

माझी बायको हेमा गेल्या वर्षी शाळेतून निवृत्त झाली. तिच्या फंडाचे नऊ लाख आम्ही बँकेत मुदतीला ठेवले होते. गुरुवारी मुदत संपली. तिनं सांगितलं, ‘परत ठेवून टाका.’ मी ‘हो’ म्हणालो आणि शुक्रवारी दुपारी ते नऊच्या नऊ लाख माझ्या ट्रेडिंगच्या खात्यात वळवले. सोमवारी सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की अभिनवचा प्रोग्रॅम माझ्या खात्यावर सुरू व्हायचा होता. हेमाला मी वर्षभरानं सांगणार होतो, आकडा वाढल्यावर. चोराच्या मनात चांदणं असतं तसं शुक्रवारी रात्री मी तिला विनाकारण आईस्क्रीम आणून दिलं.

मधल्या शनिवारी क्लबमध्ये भाषण होतं. वक्ता माझीच जुनी विद्यार्थिनी, नम्रता. बुधवार पेठेत तिच्या वडिलांचं रेडिओ-ट्रान्झिस्टरच्या सुट्या भागांचं दुकान. तिथं गिऱ्हाइकाला ‘घ्यायचं असेल तर हात लावा’ म्हणायच्या वातावरणात ती वाढली. आता एका मोठ्या फर्ममध्ये प्रोग्रॅमनं चालणारे सौदे ती तपासते. विषय तिनंच दिला होता: मागच्या आकड्यांवर जिंकणाऱ्या पद्धती खऱ्या पैशाला का हरतात. मी तिला अभिनवचं सगळं काम आठवडाभर आधी पाठवलं होतं. वर लिहिलं होतं, ‘अपवाद म्हणून दाखवायला उपयोगी पडेल.’ तिचं उत्तर एका ओळीचं आलं: ‘सर, बघितलं. शनिवारी बोलू.’ ही स्तुतीच आहे असं मी ठरवून टाकलं.

हॉल भरला होता. दीडशे पोरं, दोन पंखे. अभिनव वर्गातल्याप्रमाणे पुढे बसेल असं वाटलं होतं, पण तो शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसला होता. चेहरा उतरलेला. लाजत असेल, मी मनात म्हटलं.

नम्रतानं माईक हातात घेतला, पण सुरू केला नाही. ‘ऐकू येतंय ना? मग याची गरज नाही,’ म्हणाली आणि तो माझ्या हातात दिला. भाषण संपेपर्यंत मी तो माईक धरून बसलो होतो.

‘तुमच्या सरांनी मला तुमच्या क्लबमधल्या एकाचं काम पाठवलंय,’ तिनं सुरुवात केली. ‘नाव घेत नाही. काम स्वच्छ आहे. माझ्याकडे नोकरीला येणाऱ्या बऱ्याच जणांपेक्षा स्वच्छ आहे. आणि ते खऱ्या पैशाला चालणार नाही. का, ते एकेक करून बघू.’

माझा हात नकळत खिशातल्या फोनकडे गेला. नऊ लाख तिथंच होते बहुतेक.

‘पहिलं. या नियमात तीन आकडे आहेत. उलाढाल किती पट हवी, शेअर किती दिवस ठेवायचा, कुठल्या किमतीपर्यंतचे शेअर घ्यायचे. प्रत्येकाचे सहा-सहा पर्याय करून बघितलेत. सहा गुणिले सहा गुणिले सहा?’

‘दोनशे सोळा,’ पोरं ओरडली.

‘दोनशे सोळा पद्धती चालवल्या आणि त्यातली सगळ्यात चांगली निघाली ती आपल्याला दाखवली. बाकीच्या दोनशे पंधरा कुठं आहेत? मुलगी दाखवायची असली की फोटो चांगलाच निवडतात. दोनशे सोळा वेळा चिठ्ठी काढली तर एखादी चांगली निघणारच, त्यात नियमाचं कर्तृत्व किती आणि चिठ्ठीचं किती? हे मला कुणी शिकवलं माहितीये?’ तिनं माझ्याकडे बोट केलं. ‘सरांनी. दुसरं वर्ष, चौथं प्रकरण. मला त्यात आठपैकी तीन मार्क दिले होते.’

हॉल हसला. मीही हसलो. घाम पुसताना माईक गालाला लागला.

‘यावर उपाय असतो. अर्धी वर्षं लपवून ठेवायची. पहिल्या चार वर्षांवर नियम ठरवायचा आणि उरलेल्या चारांवर एकदाच, फक्त एकदाच लावून बघायचा. मी तसं करून बघितलं. एक्केचाळीस लाखांची निम्मी हवा तिथंच गेली. दुसरं, कंपन्यांची यादी. ती आजची आहे. म्हणजे आज ज्या कंपन्या बाजारात आहेत त्यांचेच मागचे भाव घेतले. आठ वर्षांत ज्या बुडाल्या, ज्यांचे व्यवहार बंद झाले, त्या यादीत नाहीतच. लहान कंपन्यांत अशा ढीगभर असतात. लढाईहून परत आलेल्यांनाच विचारून लढाई सोपी होती म्हणण्यासारखं आहे हे.’

मी खुर्चीत सरकलो. दोन्ही गोष्टी मला येत होत्या. झोपेतून उठवून विचारल्या असत्या तरी आल्या असत्या. फक्त माझे पैसे मध्ये आले आणि मी विचारल्याच नाहीत. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

‘पण या दोन्ही गोष्टी मी सोडून देते,’ नम्रता म्हणाली. ‘धरून चालू की नियम खरा आहे. सर्किटला अडकलेला शेअर दुसऱ्या दिवशी चढतो. मला एवढंच सांगा, भाव अडकतो म्हणजे नक्की काय होतं?’

एक मुलगी उठली. ‘मॅडम, घेणारे खूप असतात आणि विकणारा कुणीच नसतो.’

‘मग आपल्याला विकलं कोणी?’

त्या मुलीनं शेजारणीकडे पाहिलं आणि खाली बसली.

‘कॉम्प्युटरला बंद भाव दिसला, त्यानं लिहिलं, घेतला. त्याला कुणी विचारलंच नाही की समोर विकणारा होता का. त्या भावाला सकाळपासून लाखभर शेअरची रांग लागलेली असते. एकाच भावाला जो आधी आला त्याला आधी मिळतं. तुम्ही दुपारी तीन वीसला जाऊन शेवटी उभे राहता. आणि आणखी एक. दिवसाचा बंद भाव अडकलेलाच राहिला हे कळतं साडेतीनला. साडेतीनला बाजार बंद. म्हणजे ज्या माहितीवर घ्यायचं ती माहिती घ्यायची वेळ संपल्यावर मिळते.’ ती पाणी प्यायली. ‘आता मला असं कोणीतरी हवंय ज्यानं ही पद्धत खऱ्या पैशानं करून बघितलीये. एक शेअर का होईना. आहे कोणी?’

कोणी असणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. सुरुवात सोमवारी होती आणि ती माझ्यापासून होती.

शेवटच्या रांगेत अभिनवनं हात वर केला.

‘मी केलंय,’ तो उभा राहून म्हणाला. ‘तीन आठवडे. एकोणीस ऑर्डरी टाकल्या.’

‘किती मिळाले?’

‘पाच.’

‘न मिळालेल्या चौदांचं काय झालं?’

‘अकरा दुसऱ्या दिवशी चढले.’

‘आणि मिळालेले पाच?’

अभिनवनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ‘चार पडले. ज्या दिवशी मला मिळाले ना मॅडम, त्या दिवशी शेवटच्या दहा मिनिटांत कोणीतरी मोठा विकायला आला होता. म्हणून तं मले मिळाले. मग बंद होईतोवर भाव खाली. त्यातला एक दुसऱ्या दिवशी खालच्या सर्किटला अडकला. तिथं सगळे विकणारे, घेणारा कोणीच नाही. दोन दिवस विकताच आला नाही.’

नम्रतानं फळ्यावर दोन आकडे लिहिले, एकोणीस आणि पाच. बाकी काही लिहिलं नाही. ‘आजचं माझं भाषण यानं तीन आठवडे स्वतःच्या पैशानं केलंय,’ ती म्हणाली. ‘जे चढणार होते ते याला मिळाले नाहीत. जे याला मिळाले ते दुसऱ्या कुणाला नको होते. कागदावर एकोणीसच्या एकोणीस मिळतात, म्हणून कागद एक्केचाळीस लाख दाखवतो. दलाली, कर, प्रत्येक विक्रीमागे कापले जाणारे चार पैसे हे तर मी धरलेच नाहीत. आणि हे झालं चार-पाच हजारांच्या ऑर्डरचं. कुणी इथं पाच-दहा लाख घेऊन आला असता, तर यातल्या कित्येक शेअरांची दिवसाची उलाढालच दोन लाखांची आहे. तो माणूस विकायला निघाला असता तेव्हा त्याला कळलं असतं की बाजार म्हणजे तो एकटाच.’

‘तो माणूस’ पहिल्या रांगेत माईक धरून बसला होता. त्याला घाम फुटला होता, आणि खरं सांगतो, त्याच घामात त्याला इतकं हलकं वाटत होतं की ओरडावंसं वाटलं. आज शनिवार होता. पैसे खात्यात होते, बाजारात नव्हते. शाळेच्या घंटेला वर्गातून सुटावं तसा मी सुटलो होतो. मी तिथंच, भाषण चालू असताना, खिशातून फोन काढला आणि नऊ लाख बँकेत परत पाठवायची विनंती टाकून दिली. ‘मंगळवारपर्यंत जमा होतील’ असं उत्तर आलं. वीस वर्षं पोरांना वर्गात फोन काढू नका म्हणतोय, त्या सगळ्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

मग प्रश्नोत्तरं झाली. एकानं विचारलं, ‘मॅडम, मग काहीच चालत नाही का?’ ती म्हणाली, ‘थोडं चालतं. पण ते इतकं कंटाळवाणं असतं की त्यावर क्लब निघत नाही.’ आभार मानायला मी उठलो. आभाराचा कागद खिशात होता, त्यात ‘आमच्या कॉलेजचा हिरा’ वगैरे लिहिलेलं होतं. तो काढलाच नाही. मी म्हटलं, ‘ज्या प्राध्यापकानं चौथं प्रकरण शिकवलं तो या पद्धतीत स्वतःचे पैसे घालणार होता. परवा. आज नम्रतामुळे आणि अभिनवमुळे वाचला. त्या तीन मार्कांबद्दल मी माफी मागतो.’ पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं त्यातल्या निम्म्या माझ्या फजितीला होत्या, आणि ते ठीकच होतं.

नम्रताला गाडीत बसवून मी वळलो तर अभिनव माझ्या स्कूटरपाशी उभा होता.

‘सर, रागावलात का?’

‘रागावलोय. तुला तीन आठवड्यांपासून माहीत होतं?’

‘पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं होतं.’

‘मग बोलला का नाहीस?’

तो चप्पलेनं माती उकरत राहिला. ‘दोनदा आलो होतो सर तुमच्या केबिनमध्ये. पहिल्या वेळी तुम्ही एचओडी सरांना सांगून राहिले होते का पोरगं काय हुशार आहे म्हणून. दुसऱ्या वेळी तुम्ही मला चहा दिला आणि म्हणाले, अभिनव, माझा तुझ्यावर डोळे मिटून विश्वास आहे. आता त्याच्यावर काय बोलणार?’

मला तो चहा आठवला. बिस्किटही दिलं होतं.

‘आणि सोमवारी काय करणार होतास? चालू करणार होतास प्रोग्रॅम?’

‘नाही सर,’ तो पटकन म्हणाला. त्यानं फोन काढून मला दाखवला. उद्या रात्रीचं पुण्याहून वर्ध्याचं तिकीट होतं, स्लीपर, वेटिंग चौदा. ‘आजारी आहे म्हणून घरी निघून जाणार होतो. प्रोग्रॅमची किल्ली माझ्याकडेच आहे, म्हणजे तो सुरूच झाला नसता. एक-दोन महिने आलोच नसतो. तोवर तुम्ही विसरले असते.’

मी ते तिकीट दोनदा वाचलं. वर्गात सगळ्यांत पुढे बसणारं पोरगं माझ्या कौतुकापासून पळून जायला आठशे किलोमीटरचं तिकीट काढून बसलं होतं. मला सरळ तोंडावर ‘सर, हे चुकतंय’ म्हणायची सोय मी ठेवलीच नव्हती. माझ्या वर्गात एकवीस वर्षांत किती जणांनी असं तोंड मिटून घेतलं असेल, हे मोजायचं धाडस मला झालं नाही.

‘परीक्षा पंधरा दिवसांवर आलीये,’ मी म्हटलं. ‘ते तिकीट रद्द कर. आधी रद्द कर, मग माझ्याशी बोल.’

त्यानं माझ्यासमोर रद्द केलं. इतका मोठा सुस्कारा सोडला की शेजारच्या स्कूटरवरचं मांजर उठून बसलं.

घरी आलो तेव्हा हेमा गवार निवडत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगून टाकलं, शुक्रवारपासून शनिवारपर्यंत, आईस्क्रीमसकट. मध्ये थांबलो असतो तर परत सुरू करायची हिंमत झाली नसती. ती गवारीच्या शिरा काढत राहिली.

‘परत येणार ना नक्की?’ तिनं विचारलं.

‘मंगळवारी.’

‘बरं.’ तिनं आणखी चार शेंगा मोडल्या. ‘तीस वर्षं खडूची धूळ खाल्लीये मी त्या पैशांसाठी. पुन्हा मला विचारल्याशिवाय हात लावलात तर आईस्क्रीमवर भागणार नाही.’

‘नाही लावणार.’

‘त्या मुलाचं किती गेलं?’

हे मी विचारलंच नव्हतं. चौथं प्रकरण, नऊ लाख, माझी लाज, सगळं विचारात घेतलं होतं, एवढंच राहिलं होतं. तिथूनच फोन लावला. ‘बाराशे चाळीस,’ अभिनव म्हणाला. मग म्हणाला, ‘मेसचे होते. घरून सेमिस्टरचे एकदम येतात. दुपारचा डबा बंद केलाय, भरून निघेल सर, टेन्शन नाही.’

तीन आठवडे तो अर्धपोटी राहून माझ्यासाठी एकोणीस ऑर्डरी टाकत होता. ‘डोळे मिटून विश्वास’ म्हणणाऱ्या माणसाचे डोळे उघडायला पुरावा लागेल म्हणून. बाराशे चाळीस आणि बंद डबा, दोन्ही मी हेमाला सांगितलं. हेमानं फोन माझ्या हातातून घेतला.

‘अभिनव, मी हेमाकाकू. बाराशे चाळीस रुपये सर उद्या तुला देतील, आणि ते तू घ्यायचेस, त्यावर चर्चा नाही. शिवाय उद्यापासून परीक्षा होईपर्यंत रात्रीचं जेवण आमच्याकडे.’

पलीकडून तो काहीतरी ‘नाही, नको, सरांना कशाला त्रास’ असं पुटपुटला असावा.

‘शाब्बास,’ हेमा म्हणाली. ‘नाही म्हणता येतं की तुला! हेच जरा सरांच्या तोंडावर म्हणायला शिक. मी तीस वर्षं म्हणतेय, काही होत नाही. आरडाओरडा करतात, मग चहा मागतात.’

फोनमधून अभिनवचं हसणं मला टेबलाच्या पलीकडे ऐकू आलं. पहिल्या वर्षापासून तो माझ्या वर्गात आहे आणि त्याचं हसणं मी पहिल्यांदा ऐकत होतो. शुक्रवारपासून छातीवर ठेवलेलं काहीतरी उतरलं. मी गवारीची परडी माझ्याकडे ओढली आणि उरलेली निवडायला घेतली.